वाढीआधीचा पगार

>> "भाऊ रत्नागिरीला मासळीच्या कारखान्यात आहे. १५ टक्के वाढ होऊन आता २०,७०० झाले. १५ टक्के वजा केले तर आधीचे १७,५९५ येतात. बरोबर ना?"

नाही हो. वाढ जुन्या पगारावर मिळालीय आणि तुम्ही टक्के नव्यावर काढलेत. जुना १०० धरला तर नवा ११५. म्हणून २०,७०० ला ११५ ने भागा, १८० येतात; त्याला १०० ने गुणलं की १८,०००. ताळा करा: १८,००० चे १५ टक्के २,७००, जुळलं. तुमच्या १७,५९५ वर १५ टक्के चढवून बघा, २०,२३४ च्या आसपासच थांबता.

मात्र भावाची पगारपावती नीट बघा. वाढ फक्त मूळ पगारावर असेल, तर ११५ ने भागायचं ते मूळ पगारालाच. भत्ते बाजूला ठेवा.