‘ॲलिगेशन’ला मराठीत काय म्हणता?

कोरीपाटी:
ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात ‘मिश्रण व ॲलिगेशन’ असं प्रकरण आहे. मिश्रण कळलं, पण ॲलिगेशन म्हणजे काय? आधी वाटलं ‘आरोप’, पण गणितात कोण कोणावर आरोप करतंय? दुसरी शंका त्याच प्रकरणातली. एक माल किलोला 30 चा, दुसरा 45 चा, मिश्रणाचा सरासरी भाव 36, प्रमाण काढा. 30 आणि 45 ची सरासरी तर 37.5 येते. प्रश्न चुकीचा छापलाय का?

शब्दखोड:
आरोपवाला शब्द वेगळा, उच्चारात जेमतेम एका स्वराचा फरक. हा लॅटिनमधल्या ‘बांधणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. मी ‘बांधणी’ सुचवतो.

निमगणिती:
प्रश्न बरोबर आहे. 36 मधून 30 गेले 6, 45 मधून 36 गेले 9. म्हणून स्वस्त आणि महाग यांचं प्रमाण 6:9, म्हणजे 2:3. झालं.

फुलीवाली:
वजाबाक्या बरोबर, पण फुलीसारख्या तिरप्या मांडायच्या राहिल्या. तुमच्या 2:3 ने पडताळा घ्या. दोन किलोचे 60, तीन किलोचे 135, पाच किलोचे 195. भाव पडला 39, 36 नव्हे. महाग मालाशी असलेलं 9 चं अंतर स्वस्ताच्या वाट्याला जातं आणि स्वस्ताशी असलेलं 6 महागाच्या. स्वस्त:महाग 3:2. तीन किलोचे 90, दोन किलोचे 90, पाच किलोचे 180, भाव 36.
उलटं का, ते असं. स्वस्त मालाचा प्रत्येक किलो 36 पेक्षा 6 खाली ओढतो, महागाचा प्रत्येक किलो 9 वर. दोन्ही ओढी फिटायला स्वस्त जास्त लागणारच. सरासरी 36 ही 30 च्या जास्त जवळ आहे, एवढं बघितलं तरी 2:3 हे उत्तर लगेच खटकतं.
कोरीपाटी, तुमची अडचण ‘सरासरी’ या शब्दात आहे. 37.5 ही दोन भावांची सरासरी झाली, ती दोन्ही माल सारखे घेतले तरच लागू. प्रश्नातली सरासरी किलोमागची आहे. मी तर तिथे ‘मिश्रणाचा पडता भाव’ म्हणते, म्हणजे बेरजेला दोनाने भागायची हुक्की येत नाही.

कोरीपाटी:
‘पडता भाव’ पटलं. मग पुढचं उदाहरणही विचारते. तेच दोन माल, मिश्रण 42 ला विकून 20 टक्के नफा. मी 42 घेतलं, स्वस्त:महाग 3:12 म्हणजे 1:4 आलं. पर्यायांतही 1:4 आहे, पण उत्तर 2:1 छापलंय.

फुलीवाली:
पर्यायात 1:4 मुद्दाम ठेवलेलं असतं. 30 आणि 45 हे खरेदीचे भाव, 42 विक्रीचा. खरेदी आणि विक्री एका फुलीत बसत नाहीत. 42 ला 1.2 ने भागा, खरेदी 35. आता 45 वजा 35 म्हणजे 10, 35 वजा 30 म्हणजे 5. प्रमाण 2:1.

वेगवान:
माझा अनुभव उलटा. निम्मं अंतर ताशी 30 ने, निम्मं 45 ने गेलो, सरासरी वेग खरंच 36 येतो. फुली केली तर 3:2. पण अंतरं तर सारखी होती! म्हणजे ही रीत वेगाला चालत नाही.

फुलीवाली:
चालते, फक्त ते 3:2 वेळेचं आहे. भाव किलोमागे असतो म्हणून प्रमाण किलोंचं निघतं, वेग तासामागे असतो म्हणून तासांचं. तीन तास 30 ने गेलात तर 90, दोन तास 45 ने गेलात तरी 90. अंतरं सारखीच राहिली.

शब्दखोड:
बांधणी कुणी मनावर घेतलीच नाही. असो. भास्कराचार्यांच्या 1150 च्या लीलावतीत मिश्रव्यवहारात सुवर्णगणित आहे, तिथे हाच नियम दिलाय. सोन्याच्या कसाला तिथे ‘वर्ण’ म्हटलंय. 16 वर्णाचं आणि 10 वर्णाचं सोनं मिसळून 12 वर्णाचं झालं, तर पहिलं 2 भाग, दुसरं 4 भाग. रीत एवढी जुनी असून मराठीत तिला नाव नसावं?

निमगणिती:
‘सुवर्णगणित’च म्हणू या मग.

फुलीवाली:
आणि दूध-पाण्याच्या उदाहरणालाही सुवर्णगणित म्हणायचं? मी ‘फुलीची रीत’ म्हणते.

शब्दखोड:
फुली म्हटलं की मला उत्तर चुकल्याची खूण आठवते. मी बांधणीवरच अडून आहे.

कोरीपाटी:
सध्या वहीत ‘ॲलिगेशन (फुली)’ लिहिलंय. एक राहिलंच, तीन माल असतील तर फुली कशी घालायची?

फुलीवाली:
मग एकच उत्तर येत नाही. 30, 45 आणि तिसरा 40 चा घेऊन 36 आणायचे असतील तर स्वस्ताची जोडी 45 शी लावा, किंवा 40 शी, किंवा दोघांशी थोडीथोडी. प्रमाणं कितीही निघतील. प्रश्नात आणखी एक अट दिलेली आहे का, ते आधी बघा.