प्रवासाच्या वेळेची बेरीज

> "स्प्रेडशीटमध्ये तास आणि मिनिटं टिंबाने लिहिली, तर १.४५, २.३० आणि ०.५० यांची बेरीज ४.२५ येते, पण हाताने मोजली तर जास्त भरते, असं का?"

टिंबामुळे. शीटला १.४५ म्हणजे पावणेदोन तास नव्हे, तर एका तासाचे शंभर भाग धरून आलेला आकडा. खरी बेरीज ५ तास ५ मिनिटं. जळगाव-धुळे-नंदुरबार फेऱ्यांचं महिन्याचं रजिस्टर मी असंच टिंबात भरलं होतं. सगळं पुन्हा टाइप करू नका, शेजारच्या रकान्यात हे टाका:

```
=INT(A2)/24+ROUND(MOD(A2,1)*100,0)/1440
```

१.३० लिहिलं की शीट १.३ दाखवते, पण सूत्र त्याची ३० मिनिटंच धरतं. मात्र टिंबापुढे ५९ पेक्षा मोठा आकडा दिसला, उदाहरणार्थ १.७५, तर कोणीतरी पावणेदोन तास दशांशात लिहिलेत. ती ओळ हातानेच दुरुस्त करा.

आणखी एक गोष्ट म्हणजे बेरजेच्या घराचा फॉरमॅट. साधा `h:mm` असेल तर २६ तास १५ मिनिटं २:१५ दिसतात, अख्खा दिवस गायब! `[h]:mm` ठेवा. आणि तासाच्या दराने भाडं काढताना बेरजेला आधी २४ ने गुणा, कारण शीटसाठी १ म्हणजे एक दिवस.