अनुभव धागा: उत्तराविना पडलेले प्रश्न – आधी कुठला घेता?

मुक्ता
आज एक जुना प्रश्न वर आला आणि सगळं आठवलं. "कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो चुकून डिलीट झालेत, परत मिळतील का?" खाली एकच प्रतिसाद: "माझंही असंच झालंय." तेवढ्यानं प्रश्न 'शून्य प्रतिसाद' यादीतून बाहेर गेला आणि कुणाला दिसलाच नाही. तोवर त्या बाईंनी त्याच कार्डावर नवे फोटो काढले. आता मी शून्यवाली यादी संपली की एक-दोन प्रतिसादवालेही उघडून बघते. तुम्ही कसं ठरवता?

श्रीधरकाका
सर्वात जुना आधी. रांग ती रांग.

निखिल_प
काका, रांग न्याय्य आहे, पण वर्षभरापूर्वी "कुठला लॅपटॉप घेऊ" विचारणाऱ्यानं एव्हाना घेतलाही असेल. मी बघतो, उशीर झाला तर काय बिघडेल? एक्सेलचा फॉर्म्युला उद्याही तसाच असतो. कार्डाचं तसं नाही. डिलीट केल्यावर फोटो लगेच पुसले जात नाहीत, ती जागा फक्त मोकळी धरली जाते. नवा फोटो तिथे बसला की जुना गेला. म्हणून अशा ठिकाणी आधी एकच ओळ टाकायची: "कार्ड काढून ठेवा, त्यावर काही लिहू नका." डिलीट झालेल्या फाइली शोधून देणारं PhotoRec कसं चालवायचं, सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर का घ्यायच्या, हे सावकाश लिहिता येतं.

सई
पण फॉरमॅट झालं असेल तर संपलंच ना? असे प्रश्न मी सोडून देते.

निखिल_प
सोडू नकोस गं. क्विक फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त फाइलींची नोंद जाते, मजकूर तिथेच असतो. फुल फॉरमॅट असेल तर मात्र आशा कमी. एसएसडी असेल तरी कठीण, ट्रिम चालू असतं आणि मोकळी जागा ती स्वतःच साफ करते. त्यामुळे आधी विचारायचं, कार्ड की एसएसडी.

वैशू
विषय निघालाच आहे तर, माझा फोन आत्ताच पाण्यात पडला, स्क्रीन चालू आहे, चार्जिंगला लावू का??

मुक्ता
वैशू, लावू नकोस!! आधी बंद कर, कव्हर-सिम काढ, पुसून उभा ठेव. हेअर ड्रायर नको. बाकी मग बोलू.

वैशू
केला बंद. थँक्यू ताई 🙏

श्रीधरकाका
हे पटलं. पण ज्याचं काही बिघडत नाही, त्यानं किती थांबायचं? प्रत्येक वेळी नवं तातडीचं येतच राहणार.

सई
मी रोज एक तरी जुना घेते काका. फक्त आधी विचारते, "अजून अडलंय का?" पुष्कळदा उत्तर येतच नाही, मग तो बंद करावा की ठेवावा, कळत नाही.

निखिल_प
ठेव. तीच अडचण घेऊन दुसरं कोणीतरी येतं. वैशू, फोन कोरडा झाला का?