मदत हवी आहे: लॉग घेऊनही ग्राफ सरळ येत नाही (पाणी थंड होण्याचा प्रयोग)

चहाटपरी_सीताबर्डी: बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. घरी प्रोजेक्ट करतोय. झाकण लावलेल्या स्टीलच्या गंजात गरम पाणी ठेवून दर १० मिनिटांनी तापमान घेतलं. खोलीचं तापमान ३७ धरलं. नागपूरचा मे महिना, कूलर चालू. रीडिंग अशी:

```
t (min)  0   10  20    30  40    50  60
T (°C)   80  65  54.5  48  43.5  40  38
```

प्रत्येकातून ३७ वजा केले, ln घेतला, रेषा बसवली. स्लोप −०.०६० आला, R² ०.९७. पण रेषेवरून सुरुवातीचा फरक ५३.७ निघतो, आणि मोजलेला तर ४३ आहे! बिंदू शेवटी खाली वाकतात. काऊन होत असेल?

विन्या_इंजिनिअर: ०.९७ म्हणजे मस्त आहे बे. तरी टोचत असेल तर शेवटची दोन रीडिंग काढ. तिथे फरक ३ आणि १ अंश आहे आणि तुझा थर्मामीटर अर्ध्या अंशाने चुकू शकतो. १ चा ०.५ झाला की लॉग ०.६९ ने घसरतो. ४३ ला तेवढ्याच चुकीने ०.०१ चा फरक पडतो.

चहाटपरी_सीताबर्डी: काढली. R² ०.९९९, स्लोप −०.०४७. सुटलं म्हणायचं का?

निवृत्त_मास्तर: थांब रे बाबा. विन्याचं शेवटच्या रीडिंगबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना वजन कमीच द्यायला हवं. फरकाच्या वर्गाइतकं वजन दिलंस तर कुठलंही रीडिंग काढावं लागत नाही. पण आजार तो नाही. सातही बिंदू ठेवून प्रत्येक बिंदू रेषेच्या वर आहे की खाली ते बघ: सुरुवातीला ०.२२ खाली, मध्ये ०.२१ वर, शेवटी ०.४० खाली. मोजमापातला गोंधळ असा रांगेत उभा राहत नाही. ही कमान आहे, आणि ती R² मध्ये दिसत नाही.

खाली वाकणारी कमान म्हणजे वजा केलेली संख्या जास्त आहे. वर वाकली असती तर कमी पडली म्हटलं असतं. ३७ कुठे मोजलंस?

चहाटपरी_सीताबर्डी: दाराजवळच्या खुंटीवर थर्मामीटर टांगला होता. गंज टेबलावर, कूलरच्या झोतात.

निवृत्त_मास्तर: मग पाण्याच्या लेखी खोली ३७ ची नाहीच. पाण्याला जाणवणारं खोलीचं तापमान Ta काढायला सारख्या अंतराची तीन रीडिंग घे: ०, ३० आणि ६० मिनिटं.

```
Ta = (T1*T3 - T2^2) / (T1 + T3 - 2*T2)
   = (80*38 - 48^2) / (80 + 38 - 96)
   = 736 / 22 = 33.5
```

मधलं रीडिंग ४८ ऐवजी ४७.५ असतं तर ३४.१ आलं असतं, म्हणजे अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे होणारच. ३४ धरून पुन्हा ln घे.

चहाटपरी_सीताबर्डी: घेतला! स्लोप −०.०४०६, सुरुवातीचा फरक ४६.६, प्रत्यक्षात ४६. बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेत. म्हणजे मघाचा ०.९९९ वाला स्लोप खोटाच होता?

निवृत्त_मास्तर: सुमारे १६ टक्के जास्त. आणि तो सगळ्यांत देखणा दिसत होता. आता पुढच्या वेळी झोतात, गंजाशेजारी, झाकणासह साध्या पाण्याचा दुसरा गंज ठेव आणि त्याचं तापमान वजा कर.

काटोलचा_संत्रेवाला: माझंही असंच आहे. बागेत चिकट सापळ्यांवर किडी मोजतो, वाढ एक्सपोनेन्शिअल वाटते. पण काही आठवड्यांत मोजणी शून्य येते आणि शून्याचा लॉग निघत नाही. एक्सेल सरळ एरर देतं. प्रत्येकात १ मिळवू का?

विन्या_इंजिनिअर: मिळवा, सगळे तेच करतात.

निवृत्त_मास्तर: सगळे करतात खरं, पण मोजणी दोन-तीनच्या घरात असेल तर १ मिळवल्याने स्लोप बराच चपटा होतो. तुमचा प्रश्न वेगळा आहे, लॉगच्या रेषेऐवजी मोजणीचंच मॉडेल लागेल. वेगळा धागा काढा.

विन्या_इंजिनिअर: मास्तर, शेतकऱ्याला ढोबळ वेग कळला तरी पुरे. मला १ चालेल.

चहाटपरी_सीताबर्डी: एक राहिलं. काल पुन्हा करताना मध्येच लाइट गेली, कूलर वीस मिनिटं बंद. ते रीडिंग वापरू का?

निवृत्त_मास्तर: एका रेषेत नको. हवा थांबली की खोली तापते आणि उष्णता निघण्याचा वेगही उतरतो, म्हणजे वजा करायची संख्या आणि स्लोप दोन्ही बदलतात. कूलर चालू असतानाचा आधीचा तुकडा तेवढा घे, पण त्यात किमान पाच रीडिंग असतील तरच. नसतील तर पाणी पुन्हा उकळ.