शब्दचर्चा: ‘संदर्भ समूह’ म्हणजे नेमके कोण?

रसिका
मार्केटिंग सिद्धान्ताच्या पेपरसाठी ग्राहक वर्तनाचं प्रकरण मराठीत लिहून काढतेय. रेफरन्स ग्रुपसाठी ‘संदर्भ समूह’ हा शब्द सगळीकडे दिसतो, पण त्याचा अर्थ मला पक्का लागत नाही. सरावाच्या उत्तरात मी कुटुंब, मित्र आणि ऑफिसातले सहकारी लिहिले. मैत्रिणीने नामवंत खेळाडू आणि डॉक्टर लिहिले. खेळाडूशी ग्राहकाची साधी ओळखही नसते, मग तो त्याचा ‘समूह’ कसा? याच प्रकरणात पुढे संस्कृती, संवेदन आणि अध्ययन येतं. संदर्भ समूह कुठे संपतो आणि संस्कृती कुठे सुरू होते, हेही कुणी सांगितलं तर बरं.

जुना वाचक
तुझं उत्तर बरोबर वाटतं. समूह म्हटला की देवाणघेवाण आली, एकमेकांना ओळखणं आलं. ज्यांच्यात आपण रोज वावरतो त्यांचंच आपल्यावर वजन पडतं. खेळाडू हा जाहिरातीचा भाग झाला. त्याला फार तर ‘प्रभावी व्यक्ती’ म्हणावं, समूह नव्हे.

श्रीपाद
रोजच्या सहवासातल्या माणसांचं वजन जास्त असतं, हे बरोबर. पण या शब्दात ‘समूह’पेक्षा ‘संदर्भ’ महत्त्वाचा आहे. हर्बर्ट हायमन यांनी १९४२ मध्ये ही संकल्पना मांडली तेव्हा त्यांचा प्रश्न खरेदीचा नव्हताच. माणूस स्वतःचा दर्जा कसा ठरवतो, हे ते शोधत होते. त्यांना दिसलं की मनात कोणाशी तुलना चालली आहे त्यावर उत्तर बदलतं. एकच माणूस सहकाऱ्यांशी तुलना करताना स्वतःला सुस्थितीतला म्हणेल आणि जुन्या वर्गमित्रांशी तुलना करताना मागे पडलेला. मोजपट्टी म्हणून जो समूह मनात उभा राहतो तो संदर्भ समूह. त्यात आपण असलोच पाहिजे असं नाही.

म्हणून रसिका, तुम्ही दोघींनी अर्धंअर्धं लिहिलंय. तू लिहिलेत ते सदस्यत्वाचे समूह. मैत्रिणीचा खेळाडू हा आकांक्षेच्या समूहाचा चेहरा: एकटा खेळाडू म्हणून नव्हे, तर ‘असे लोक’ ज्यांच्यात आपली गणना व्हावी असं वाटतं त्यांचा प्रतिनिधी म्हणून. डॉक्टरचं थोडं वेगळं आहे. जाहिरातीतल्या डॉक्टरसारखं व्हावं असं ग्राहकाला वाटत नसतं, त्याला त्यांचं ज्ञान हवं असतं. शिवाय तिसरा एक समूह दोघींच्याही उत्तरात नाही: ज्यांच्यातले आपण आहोत असं कुणाला वाटू नये अशी आपली धडपड असते, तो. त्याला मराठीत रुळलेला शब्द मला माहीत नाही. मी वर्गात ‘नकोसा समूह’ म्हणतो.

वैशाली
मी विद्यार्थिनी नाही, पण विषय वाचून माझंच आठवलं. सकाळी धावणाऱ्यांच्या एका गटात गेले. तिथे जवळजवळ सगळ्यांच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं एकाच कंपनीचं घड्याळ. मी कधी घड्याळ वापरलेलं नव्हतं, तरी महिन्याभरात तेच घेतलं. आता घरीही काढत नाही, झोपेचीही नोंद बघते. मग हा संदर्भ समूहाचा परिणाम म्हणायचा की मी काहीतरी शिकले म्हणायचं?

श्रीपाद
वैशालीताई, तुमचं उदाहरण पेपरला घेण्यासारखं आहे, म्हणून जरा सावकाश उलगडतो.

समूहाचा प्रभाव तीन वाटांनी येतो. पार्क आणि लेसिग यांनी १९७७ मध्ये त्या वेगळ्या काढून दाखवल्या. पहिली माहितीची: गटातल्या कुणी सांगितलं की ठोके बघून वेग ठेवला तर दम कमी लागतो, आणि अनुभवी माणूस म्हणून तुम्ही ते मानलंत. दुसरी मान्यतेची: घड्याळ नसेल तर धावल्यानंतरच्या गप्पांत आपण बाहेरचे ठरू, असं वाटणं. तिसरी ओळखीची: ‘मी धावणारी आहे’ हे स्वतःला आणि इतरांना दिसावं म्हणून घेणं.

कुठली वाट होती हे कसं ओळखायचं? खरेदीआधी तुम्ही काय विचारलंत ते आठवा. ‘याने नेमकं काय कळतं?’ असं विचारलं असेल तर माहिती. काहीच न विचारता तेच मॉडेल शोधलं असेल तर मान्यता किंवा ओळख. या दोन्हींत फरक असा, की मान्यतेसाठी घेतलेली वस्तू कुणी बघत नसताना उतरते आणि ओळखीसाठी घेतलेली एकांतातही अंगावर राहते.

आता तुमचा प्रश्न. पहिल्या दिवशी घड्याळ बांधायला लावलं गटाने. पण नंतर रोज आकडा दिसला, आकडा सुधारला की बरं वाटलं, म्हणून परत बघितलं. हे अध्ययन. अनुभवातून वर्तनात पडलेला टिकाऊ फरक एवढाच इथे त्याचा अर्थ, अभ्यासाशी त्याचा संबंध नाही. वर्तनानंतर काहीतरी सुखावणारं मिळतं आणि वर्तन पक्कं होतं, त्याला प्रबलन म्हणतात. तेव्हा दोन्ही खरं: घेतलं समूहामुळे, टिकलं प्रबलनामुळे.

वैशाली
खरं सांगायचं तर काहीच विचारलं नव्हतं. सगळ्यांचं तेच होतं म्हणून तेच घेतलं. आणि गट मी केव्हाच सोडला, तरी घड्याळ आहेच.

श्रीपाद
गट सोडल्यावरही वस्तू वापरात राहिली, म्हणजे निदान आता मान्यतेची वाट उरलेली नाही. कुठला प्रभाव होता हे खरेदीच्या दिवशी फार वेळा कळतच नाही, समूह दूर झाल्यावर कळतं. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीची ही मोठी मर्यादा आहे.

रसिका
सर, घड्याळ घेणं आणि त्याच कंपनीचं घेणं, या दोन्हींवर समूहाचा जोर सारखाच असतो का?

श्रीपाद
नाही, आणि बरीच उत्तरं इथेच घसरतात. बिअरडेन आणि एट्झेल यांनी १९८२ मध्ये वस्तूंकडे दोन प्रश्नांतून पाहिलं: ती चारचौघांत वापरली जाते की खासगीत, आणि ती गरजेची आहे की चैनीची. साधं मनगटी घड्याळ त्यांनी चारचौघांतल्या गरजेत धरलं. घड्याळ लोक घेतातच, पण कोणत्या कंपनीचं हे बघणाऱ्यांमुळे ठरतं. तिथे समूहाचा जोर ब्रँडवर, वस्तूवर कमी. गादी खासगीतली गरज: दोन्हींवर जोर कमी. गोल्फच्या काठ्या चारचौघांतली चैन: घ्यायच्या की नाही आणि कुठल्या, दोन्हींवर जोर. घरात बर्फ करणारं यंत्र खासगीतली चैन: असावं असं वाटायला समूह लावतो, पण कंपनी कोण बघतो?

वैशालीताईंकडे आधी घड्याळ नव्हतं, गटात आल्यावर घेतलं आणि कंपनीही तीच. म्हणजे त्यांच्यासाठी ते चारचौघांतल्या चैनीसारखं वागलं. वस्तू कुठल्या खान्यात बसेल हे वस्तूवर लिहिलेलं नसतं, काळ आणि लोक बदलले की खाना बदलतो. पेपरात चौकट काढलीस तर हे वाक्य तिच्याखाली जरूर लिही.

निनाद
मला वाटतं इथे संवेदनाचा मुद्दा सुटतोय. ग्राहक शेवटी भावनेनेच घेतो. संवेदनशील ग्राहकाच्या भावनेला हात घातला की झालं. जाहिराती तेच करतात.

रसिका
निनाद, संवेदन म्हणजे भावना नाही रे. मानसशास्त्राच्या पुस्तकात वेदन आणि संवेदन वेगळं दिलंय. डोळ्यावर रंग पडला ते वेदन, त्या रंगाचा मनाने अर्थ लावला ते संवेदन. ‘संवेदनशील’ वेगळ्या वाटेने आलाय.

श्रीपाद
बरोबर. आणि संवेदनात समूह कसा शिरतो, हे मेसन हेअर यांच्या १९५० साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात जवळून दिसतं. झटपट कॉफी का आवडत नाही असं थेट विचारलं की लोक चवीचं कारण द्यायचे. हेअर यांनी वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. प्रत्येकीत सात जिन्नस, पैकी सहा तंतोतंत सारखे: मांस, पाव, गाजरं, बेकिंग पावडर, डबाबंद पीच, बटाटे. सातवा जिन्नस एका यादीत नेसकॅफेची झटपट कॉफी, दुसरीत मॅक्सवेल हाऊसची दळलेली. एकेक यादी ५० जणींना दाखवली आणि विचारलं, ही खरेदी करणारी बाई कशी असेल? झटपट कॉफीवालीला ४८ टक्के जणींनी आळशी म्हटलं. दुसरीला फक्त ४ टक्क्यांनी.

इथे कुणी कॉफीचा घोटही घेतलेला नव्हता. यादीतल्या एका ओळीवरून माणूस दिसला, आणि तो ‘नकोशा समूहातला’ दिसला. चवीचं कारण देणाऱ्या सगळ्या खोटं बोलत होत्या असं म्हणता येणार नाही, पण थेट प्रश्नाला हे उत्तर मिळालं नसतं हे नक्की.

जुना वाचक
आता माझी हरकत ऐका. ‘चांगल्या गृहिणीने कॉफी स्वतः करावी’ हा त्या काळचा समाजभर पसरलेला दंडक होता. ही सरळ संस्कृती झाली. तुम्ही तिला संदर्भ समूह का म्हणता? सगळंच संदर्भ समूह म्हटलं तर शब्दाला अर्थ काय उरला?

श्रीपाद
हरकत वजनदार आहे. मी सीमा अशी आखतो: दंडक संस्कृतीचा, पण तो मोडला तर ‘कोण’ आपल्याला नावं ठेवील, ते डोळ्यांसमोर येणारे चेहरे म्हणजे संदर्भ समूह. संस्कृती ग्राहकाला नियम म्हणून जाणवतच नाही, ती त्याला ‘असंच असतं’ अशी वाटते. समूह मात्र जाणवतो.

आणि संस्कृतीही शिकलेलीच असते, त्यामुळे ती बदलते. वेबस्टर आणि फॉन पेक्मन यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. तो १९७० मध्ये छापला गेला, तेव्हा झटपट कॉफीवालीवरचा आळशीपणाचा शिक्का पूर्वीसारखा उरला नव्हता.

जुना वाचक
ते पटतं, पण सीमा अजून पुसटच वाटते. ‘नावं ठेवणारे चेहरे’ घरातच असतील तर? आई जे शिकवते ते संस्कृती की समूह?

श्रीपाद
दोन्ही. घर हा पहिला संदर्भ समूह, आणि संस्कृती पोचते ती त्याच्याच हातून. तिथे रेघ ओढू नये असं माझं मत आहे. काही जण ओढतात आणि कुटुंबाला वेगळा घटक धरतात.

रसिका
मग मी कुटुंब वेगळं लिहिते आणि तिथे हेअर यांची यादी जोडते. आणखी एक: ऑनलाइन अभिप्राय लिहिणारे अनोळखी लोक संदर्भ समूहात येतात का?

श्रीपाद
माहितीच्या वाटेने येतात. पण तू काय घेतलंस हे त्यांना कळत नाही, तेव्हा मान्यतेची वाट बंद. ओळखीच्या वाटेबद्दल मी अजून ठाम नाही. एखाद्या छंदाच्या मंडळात रोज वाचणाऱ्याला ‘हे आपले लोक’ वाटूही शकतात.

जुना वाचक
एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना समूह म्हणायला मी अजूनही तयार नाही. त्यांच्यासाठी ‘संदर्भ स्रोत’ लिहावं.

निनाद
मी वेदन आणि संवेदन पुन्हा वाचतो. पण हेअरच्या प्रयोगात ‘आळशी’ म्हणताना तुच्छता होती, ती भावना नाही का?