अनुभव धागा: मोठ्या खंडानंतरचा सीव्ही, आणि 'गॅप'चं काय लिहिलंत?

नोकरीत मुरलेल्या, पण मधे काही वर्षं घरी थांबलेल्या माणसाचा सीव्ही तुम्ही लिहिला असेल किंवा तपासला असेल, तर इथे सांगा. माझ्या नणंदेपासून सुरुवात करते. वाळूजला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात ती ११ वर्षं क्वालिटीत होती. मार्च २०१८ला सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि तिनं काम सोडलं. सासरे गेल्या वर्षी गेले. आता तिला परत जायचंय. सीव्हीवर नुसतं '२००७–२०१८' आहे, पुढं कोरं.

बीडचा_सेतूवाला: ताई, टेन्शन नका घेऊ. स्टॅम्पपेपरवर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट करून घ्या, आमच्याकडं रोज करायलेत पोरं.

धागाकर्ती: दादा, ते कॉलेज प्रवेशाला लागतं. हे नोकरीचं आहे.

लातूरकर_एचआर: महिने गाळून फक्त सालं लिहायची, खंड लहान दिसतो. आणि मधल्या काळाला 'फ्रीलान्स कन्सल्टंट' म्हणायचं. सगळेच करतात.

शेंद्रा_क्वालिटी: सालांचं ठीक आहे, तो काही गुन्हा नाही. पण २०१८ नंतर इतकी वर्षं आहेत, महिने गाळून ती झाकत नाहीत. शिवाय यूएएन मागितला की पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत जॉइनिंग-एक्झिटच्या तारखा समोर येतात. 'कन्सल्टंट' लिहिलंत तर मी पहिलाच प्रश्न विचारतो: कुणासाठी काम केलं, बिल दाखवा. तिथं गाडी अडली की खरी ११ वर्षंसुद्धा संशयात येतात.

खरं सांगू का, असे सीव्ही बघताना मी गॅपच्या ओळीवर फार थांबत नाही. माणूस कुठल्या सालात थांबलाय ते मला बाकीच्या ओळींवरून कळतं. तुमच्या नणंदेनं 'टीएस १६९४९ इंटर्नल ऑडिटर' लिहिलं असणार, बरोबर?

धागाकर्ती: अगदी हेच आहे! आणि खाली 'एफएमईएमध्ये आरपीएन १०० च्या खाली आणला'.

शेंद्रा_क्वालिटी: बघा. टीएस हे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटीचं मानक, त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ ऑक्टोबर २०१६ला आलं, आणि सप्टेंबर २०१८ नंतर टीएसची सर्टिफिकेटं बाद झाली. ती बदल चालू असतानाच बाहेर पडली. तिचं त्या बदलाच्या तयारीत काही काम असेल, जुन्या-नव्या मानकातला फरक काढणारं गॅप अ‍ॅनालिसिस, प्रोसिजर नव्यानं लिहिणं, तर ते वर घ्या. ते सोनं आहे आणि तिनं लिहिलेलंच नसेल.

आरपीएनचं जास्त महत्त्वाचं. एफएमईए म्हणजे दोष कुठं होऊ शकतो ते आधीच तपासणं, आणि आरपीएन म्हणजे त्यातल्या तीन गुणांचा गुणाकार: दोष किती गंभीर, किती वेळा होतो, पकडणं किती अवघड. २०१९ला एआयएजी आणि व्हीडीए या वाहनउद्योगाच्या संघटनांचं एकत्र एफएमईए पुस्तक आलं, त्यात आरपीएनच काढून टाकला. समजा सिव्हिरिटी ९, ऑक्युरन्स ४, डिटेक्शन २. गुणाकार ७२. जुन्या सवयीनं 'शंभराच्या आत आहे, सोडा'. नव्या तक्त्यात याच आकड्यांना अ‍ॅक्शन प्रायॉरिटी, म्हणजे सुधारणेची निकड, 'हाय' येते, कारण त्यात सिव्हिरिटी आधी बघतात. म्हणजे ज्या ओळीचा तिला अभिमान आहे, तिच्यावरूनच मुलाखतीत धरतील. सगळे ग्राहक नव्यावर गेलेत असंही नाही, म्हणून ओळ काढू नका. '१०० खाली' खोडा आणि नेमका कुठला दोष, काय बदललं, ग्राहकाची तक्रार किती उतरली ते लिहा.

गॅपला एकच ओळ, अनुभवाच्या यादीत, तारखेच्या क्रमानं: 'एप्रिल २०१८ पासून: घरातील दीर्घ आजारी व्यक्तीची देखभाल, ती जबाबदारी आता संपली आहे.' 'संपली' हा शब्द हवाच. मॅनेजरला पुन्हा रजा लागेल का, एवढीच धास्ती असते. खाली, खरंच केला असेल तरच, नव्या एफएमईएचा कोर्स.

जालना_रोलिंग: मी मिलमधे शिफ्ट इन्चार्ज होतो. फुफ्फुसाच्या आजारानं दोन वर्षं घरी. 'आजारी होतो, आता बरा' असं खरं लिहिलं, तर फोनच आले नाहीत. 'कौटुंबिक कारण' लिहिल्यावर आले. आता खरं बोलावं का नाही?

शेंद्रा_क्वालिटी: तुमचं वेगळं आहे. आजाराचं नाव सीव्हीवर लिहायची गरज नाही, 'वैयक्तिक कारणास्तव विश्रांती' पुरे. मेडिकल तपासणी कंपनी करतेच. पण 'कौटुंबिक' नाही म्हणता येणार, विचारलं तर कोलमडेल.

लातूरकर_एचआर: मला पटत नाही. 'वैयक्तिक' वाचलं की आमच्याकडं जास्त शंका घेतात.

नांदेडची_मास्तरीण: बाईनं देखभाल लिहिली तर 'आता पोरं बघेल' म्हणतात. पुरुषानं लिहिली तर कौतुक. माझ्या शाळेतला अनुभव आहे हा.

धागाकर्ती: नणंदेला विचारलं. आयएटीएफच्या बदलात तिनं खरंच काम केलंय: गेज आणि कॅलिब्रेशनच्या सगळ्या प्रोसिजर तिनंच नव्यानं लिहिल्या. म्हणे, 'ते तर रोजचंच काम होतं, सीव्हीवर कशाला?' आता लिहायलीय. एक राहिलं: जुने साहेब निवृत्त झालेत, त्यांचा संदर्भ चालेल का?