शब्दचर्चा: ‘कालकथित’ की ‘कै.’? सहकाऱ्याच्या निधनाच्या मजकुरासाठी

लेखनिका: आमच्या भांडार विभागातले एक सहकारी मंगळवारी गेले. कंपनीच्या पानावर टाकायचा मजकूर माझ्याकडे आला आहे. घरच्यांनी पाठवलेल्या निरोपात त्यांच्या नावाआधी ‘कालकथित’ असं होतं. मला ती टंकनचूक वाटली आणि मी ‘कै.’ केलं. भांडारातल्या एका मुलाने मसुदा पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, आमच्यात कै. लिहीत नाहीत.” मला फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षं एका छताखाली काम केलेल्या माणसाबद्दल मला एवढंही माहीत नव्हतं. मसुदा असा होता:

“कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे सहकारी कै. ….. यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. आमच्या संवेदना त्यांच्या कुटुंबासोबत आहेत. भावपूर्ण श्रध्दांजली.”

‘कालकथित’ म्हणजे नेमकं काय? आणि यात आणखी काय बदलू?

सांगलीकर: कै. नको असेल तर ‘स्व.’ लिहा, ते सगळ्यांना चालतं. आमच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत आम्ही स्व. छापलं होतं. चुलत्यांचा आग्रह कै.चा होता, त्यावरून दोन दिवस घरात बोलाचाली झाली.

जुना मुद्रितशोधक: सांगलीकर, ‘स्व.’ म्हणजे स्वर्गवासी. कैलास काढून स्वर्ग आणला तर अडचण तीच राहते. हे कुटुंब बौद्ध असणार. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या घरात कैलास, वैकुंठ, स्वर्ग यांपैकी कुठलाच पत्ता बसत नाही. त्यांच्या पत्रिकांवर जलदान विधी, पुण्यानुमोदन आणि नावाआधी ‘कालकथित’ किंवा नुसतं ‘काल.’ असं असतं.

लेखनिकाताई, ‘कै.’इतकंच तुमचं दुसरं वाक्य बदलायला हवं. ‘ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो’ यात ईश्वरही आहे आणि आत्माही. बौद्ध विचारात आत्मा मानत नाहीत, अनत्ता हा तर त्याचा पायाच. कै. काढून हे वाक्य तसंच ठेवलंत तर चूक फक्त एक ओळ खाली सरकेल.

पालीवाचक: शब्दाबद्दल थोडं. पालीत मरण्याला ‘कालं करोति’ म्हणतात आणि मृताला ‘कालकत’. मराठीतलं ‘कालकथित’ त्यावरूनच आलं असावं असं मला वाटतं. ‘कत’चं ‘कथित’ कसं झालं यावर मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कुणी ‘काळाने ज्याला बोलावलं’ असा अर्थ सांगतात, पण ती मागाहून बसवलेली फोड वाटते.

नवी मुंबई: माझा आक्षेप वेगळा आहे. वर्तमानपत्रात ‘कथित आरोपी’, ‘कथित गैरव्यवहार’ असं रोज वाचतो. कंपनीचं पान ग्राहक, पुरवठादार सगळे पाहतात. ज्यांनी हा शब्द कधी वाचला नाही, त्यांना ‘काल कथित’ असं तुटक दिसेल आणि भलताच अर्थ लागेल. सरळ ‘दिवंगत’ लिहा, तो कोणत्याही धर्माचा नाही.

जुना मुद्रितशोधक: काटेकोर पाहिलं तर ‘दिवंगत’मध्येही ‘दिव’ म्हणजे स्वर्ग आहेच. पण वापरून वापरून त्याची धार गेली आहे आणि आज तो तटस्थ म्हणून चालतो, हे तुमचं खरं. माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. निधनाच्या बातमीत नावामागे काहीच लावू नये. ‘कै. अमुक यांचे निधन झाले’ म्हणजे आधीच कैलासवासी झालेला माणूस पुन्हा गेला असं होतं. कै., दिवंगत, कालकथित हे सगळे पुढे आठवण काढताना लावायचे शब्द आहेत. बातमीत नाव, आणि ‘यांचे निधन झाले’ एवढं पुरतं.

मिरजेची: आमच्याकडे हेच ‘पैगंबरवासी’चं. मराठी बातम्यांत सर्रास लिहितात, पण आमच्या घरात तो शब्द कुणी वापरत नाही. आम्ही मरहूम म्हणतो. माझे सासरे वारले तेव्हा त्यांच्या कार्यालयाने फलकावर पैगंबरवासी लिहिलं. त्यांनी प्रेमानेच लिहिलं होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. पण आधी एक फोन केला असता तर बरं वाटलं असतं.

सांगलीकर: मग ‘श्रद्धांजली’ तरी चालेल का? आणि आदरांजली जिवंत माणसाला वाहतात ना?

जुना मुद्रितशोधक: असा काही नियम नाही, मृतांसाठी ‘आदरांजली’ नेहमी लिहितात. ‘श्रद्धांजली’ही चुकीची नाही, पण श्राद्धाचा स्पर्श नको म्हणून काही बौद्ध घरांत आदरांजली पसंत करतात. मी या ठिकाणी तीच घेईन. श्रद्धांजली ठेवलीत तर आधी द आणि मग ध, म्हणजे ‘द्ध’. तुमच्या मसुद्यात ‘ध्द’ झालं आहे. फलकांवर ही चूक इतकी दिसते की डोळ्याला तीच बरोबर वाटू लागते.

नवी मुंबई: ‘अल्पशा आजाराने’ घरच्यांना विचारून लिहिलंय का? आजार ही त्यांची खाजगी गोष्ट आहे आणि पान सगळ्यांसाठी खुलं आहे. मी ते काढेन.

लेखनिका: नाही विचारलं. काढते. ‘आमच्या संवेदना त्यांच्या कुटुंबासोबत आहेत’ हेही मला खटकतंय, पण का ते कळत नाही.

जुना मुद्रितशोधक: कारण मराठीत आपण कुणाच्या दुःखात सहभागी होतो. संवेदना कुणासोबत पाठवत नाही. ‘त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ असं लिहा. ‘सांत्वन’ मात्र तिथे लिहू नका, सांत्वन घरी जाऊन करायचं असतं. आणि पोकळीचं वाक्य काढून त्या जागी त्यांचं काहीतरी सांगा. ते भांडारात काय करायचे?

लेखनिका: गाडी रात्री दहाला आली तरी चलनावरचा आकडा आणि उतरलेला माल जुळल्याशिवाय सही करायचे नाहीत. ड्रायव्हर चिडायचे, तर हे त्यांना चहा द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. नवीन लागलेल्या प्रत्येकाला रॅकचे क्रमांक स्वतः फिरून दाखवायचे. मीही तशीच शिकले.

जुना मुद्रितशोधक: मग हेच लिहा. चहासकट.

लेखनिका: आता असं झालंय:

“आमच्या भांडार विभागातील सहकारी ….. यांचे मंगळवारी निधन झाले. 19 वर्षे या कंपनीत आलेला माल त्यांच्या नजरेखालून गेला. गाडी कितीही उशिरा आली तरी चलन आणि माल जुळल्याशिवाय त्यांनी सही केली नाही, आणि थांबलेल्या ड्रायव्हरला चहा दिल्याशिवाय पाठवले नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाला भांडार त्यांनी स्वतः फिरून दाखवले. त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. विनम्र आदरांजली.”

मिरजेची: छान झालंय. टाकण्याआधी घरी एकदा वाचून दाखवा.

लेखनिका: आत्ताच त्यांच्या मुलीला फोनवर वाचून दाखवलं. चहाच्या वाक्याला ती थांबली, मग म्हणाली की हे आम्हाला माहीतच नव्हतं. आत्म्याचं वाक्य काढलं हे सांगावं लागलं नाही, तिने स्वतःच “बरं केलंत” म्हटलं. पण तिला ‘कालकथित’ हवंय. “बाबांनी आजोबांच्या नावाला तेच लावलं होतं,” म्हणाली. मग मजकुरात नाव तसंच ठेवून फोटोखाली ‘कालकथित’ लिहिते.

नवी मुंबई: माझं मत बदललेलं नाही, वाचणारे काही जण अडखळतील. पण मुलीने सांगितलंय तर ठेवा. फक्त ‘कालकथित’ एका शब्दात जोडून लिहा, मध्ये जागा सोडू नका.

पालीवाचक: त्यांच्या आजोबांच्या पत्रिकेवर नेमकं कसं छापलं होतं, ‘कथित’ की ‘कथीत’, आणि साधारण कोणत्या साली, हे मुलीकडून कधी कळलं तर इथे लिहाल का? घाई नाही, पुण्यानुमोदन झाल्यावर.